दोन भाषांतील सांत्वनपत्र

परदेशातील ज्या घराशी आपल्या पेढीचा दीर्घकाळ व्यवहार आहे, त्या घराचा संस्थापक निवर्तल्याची वार्ता येते, तेव्हा पेढीवर बहुधा एकच गोष्ट घडते. कोणी तरी जुनी फाइल काढतो, त्यातील एखादे इंग्रजी शोकपत्र घेतो, नाव बदलतो आणि रवाना करतो. पत्र वेळेवर जाते, व्याकरणही बिनचूक असते. तथापि ते वाचणाऱ्या घरास त्यात स्वतःचा माणूस कोठे सापडत नाही. पत्र दोन भाषांत धाडावयाचे झाल्यास हीच उणीव दुप्पट होते, कारण बहुतेक ठिकाणी एका भाषेतील मजकुराचे दुसरीत केवळ भाषांतर केले जाते. या वेळी या स्तंभात अशा एकाच प्रसंगाचा विचार सविस्तर करू.

मराठी आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत शोकसंदेश लिहिण्याचे खरे कारण कोणत्या परदेशी घराबाबत संभवते? आपल्या व्यापारी कुटुंबांना सहज सुचणार नाही, असे एक उत्तर इस्रायलमध्ये आहे. कोकणात, विशेषतः आजच्या रायगड जिल्ह्यात, शेकडो वर्षे राहिलेला बेने इस्रायल समाज १९४८ नंतर मोठ्या संख्येने तेथे गेला. हे ज्यू लोक कोकणात तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. पेणकर, रोहेकर, नवगावकर अशी त्यांची आडनावे आजही गावांची आठवण सांगतात. अश्दोद, लोद, बीरशेबा, दिमोना येथे त्यांची वस्ती आहे, आणि ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही त्यांनी तेथे चालविले.

आता नमुन्यासाठी एक प्रसंग कल्पू. सांगलीची एक जैन पेढी अश्दोद येथील एका मसाला आयात करणाऱ्या घराला एकतीस वर्षे हळद पाठवीत आहे. त्या घराचा संस्थापक रोह्याकडून तरुणपणी गेलेला. त्याची पत्नी मराठी बोलते व वाचते. दोन मुलगे व एक कन्या तेथेच जन्मलेली. घरात कानावर पडलेली मराठी त्यांना समजते, नागरी लिपी मात्र वाचता येत नाही. त्यांचा कारभार हिब्रू व इंग्रजीत चालतो. जानेवारीतील एका रविवारी रात्री संस्थापक निवर्तला आणि सोमवारी दुपारी दफनविधी झाला. सांगलीस वार्ता पोहोचली ती सोमवारी संध्याकाळी.

या घरात एका शोकाचे दोन वाचक आहेत. आईला लिहावयाचे ते मराठीत, आणि मुलांना व त्यांच्या पेढीला लिहावयाचे ते इंग्रजीत. म्हणून ही दोन पत्रे एकमेकांची भाषांतरे असू नयेत. आईच्या पत्रात माणूस यावा; मुलांच्या पत्रात त्या माणसाने व्यवहारात जे घालून दिले ते यावे. ही विभागणी ध्यानात ठेवली की पुढील बहुतेक निर्णय आपोआप सुटतात.

प्रथम वेळेचा विचार. ज्यू परंपरेत दफन शक्य तितके लवकर, पुष्कळदा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी होते. दफन होईपर्यंत घरच्यांचे सांत्वन करीत नाहीत, कारण त्या वेळी त्यांच्यापुढे मृताविषयीचे कर्तव्य असते. दफनानंतर सात दिवसांचा शोक सुरू होतो. त्याला हिब्रूत ‘शिव्हा’ म्हणजे ‘सात’ असे म्हणतात. दफनाचा दिवस हा पहिला दिवस धरतात. आई-वडील, पती किंवा पत्नी, भाऊ-बहीण आणि अपत्ये यांपैकी कोणी गेल्यास हा शोक पाळावयाचा असतो. शोकस्थ मंडळी घरात खालच्या आसनावर बसतात, कामावर जात नाहीत, व्यापार करीत नाहीत, आणि नातलग व शेजारी त्यांच्याकडे भेटीस येतात. सातव्या दिवशी सकाळी थोडा वेळ बसून ते उठतात. आपल्याकडे दुकान एक दिवस बंद ठेवून उठावण्याला तासभर मंडळी जमतात, त्या मानाने हा काळ मोठा आहे. आणि पत्र पोहोचण्याची योग्य वेळ तीच आहे.

आपल्या उदाहरणात सोमवार हा पहिला दिवस, म्हणून येत्या रविवारी सकाळी शोक संपेल. मध्ये शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत साबाथ येतो. हा दिवस सातांत मोजला जातो, परंतु त्या दिवशी उघड शोक पाळीत नाहीत, आणि धर्मनिष्ठ घरात दूरध्वनीही वापरीत नाहीत. तेव्हा पत्र मंगळवार ते गुरुवार या तीन दिवसांत पोहोचले पाहिजे. हिवाळ्यात तेथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. सांगलीस दुपारी दोन वाजले म्हणजे अश्दोदला सकाळचे साडेदहा. त्या सुमारास संदेश जावा. टपालाने पत्र या मुदतीत पोहोचण्याचा भरवसा नाही. म्हणून हाताने लिहिलेल्या मराठी पत्राचे स्वच्छ छायाचित्र मुलांपैकी एकाच्या भ्रमणध्वनीवर पाठवावे, इंग्रजी पत्र ईमेलने धाडावे, आणि दोन्हींच्या मूळ प्रती टपालात टाकाव्यात. त्या नंतर पोहोचल्या तरी त्यांचा उपयोग राहतो, कारण दफनापासून तीस दिवसांचा सौम्य शोक पुढे चालूच असतो.

येथे एक मर्यादा सांगितली पाहिजे. पेसाह, सुकोथ, ज्यू नववर्ष यांसारखा मोठा सण मध्ये आला तर सात दिवसांचा शोक तेथेच संपतो. शिवाय काही धर्मनिरपेक्ष कुटुंबे हा काळ आखडता घेतात. इस्रायलमध्ये मृत्यूची सूचना भिंतीवर चिकटवण्याची पद्धत आहे. तीत दफनाची वेळ, शोकाचे घर आणि बहुधा भेटीच्या वेळा दिलेल्या असतात. तेथील कार्यालयातील व्यवस्थापकाकडून हे एका वाक्यात विचारून घ्यावे. घरच्यांना विचारू नये. त्यांना पहिल्याच दिवशी दूरध्वनी करण्याचा मोहही आवरावा. शोकगृहात आलेल्या माणसाने शोकस्थ व्यक्ती बोलेपर्यंत स्वतः बोलू नये, असा तेथील संकेत आहे. घंटा वाजवून समोरच्याला बोलणे भाग पाडणारा दूरध्वनी या संकेताच्या उलट जातो. पत्राचे तसे नाही; ते वाचणाऱ्याच्या सवडीची वाट पाहते.

आता कागदाचा विचार. हा मुद्दा क्षुल्लक वाटेल, पण याच ठिकाणी जैन पेढीकडून नकळत मोठी जखम होऊ शकते. आपल्या अनेक पेढ्यांच्या छापील कागदावर शिरोभागी स्वस्तिक असते. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या काळात सर्व पंथांनी स्वीकारलेल्या जैन प्रतीकातही ते आहे. आपल्याला ते मंगलाचे आणि चार गतींचे चिन्ह. परंतु युरोपातील ज्यूंच्या संहाराशी जोडले गेलेले चिन्ह तेथील डोळ्यांस प्रथम तेच दिसते. कोकणातून गेलेल्या वृद्ध आईला त्याचा भारतीय अर्थ ठाऊक असेल. पण शिव्हाच्या घरात सुनेचे माहेर असेल, जावयाचे आजोबा असतील, आणि त्यांचे कूळ पोलंडचे किंवा हंगेरीचे असू शकेल. पत्र हातोहात फिरते. तेथे आपल्या चिन्हाचा खुलासा करीत बसण्याचा तो प्रसंग नव्हे. म्हणून या पत्रासाठी कोरा पांढरा कागद घ्यावा आणि पेढीचे नाव, पत्ता खाली साध्या अक्षरांत लिहावा. लिफाफ्यावरील रबरी शिक्का आणि ईमेलच्या शेवटी आपोआप उमटणारे बोधचिन्हही तपासावे. चूक बहुधा तेथेच राहून जाते. आपल्याकडे अशुभवार्तेच्या पत्रावर ‘श्री’ लिहीत नसत, त्याच जुन्या शिष्टाचाराने कागदाचा माथा येथेही मोकळा राहू द्यावा.

यानंतर शब्द. मराठी शोकपत्राची आपली ठरलेली भाषा या घराला लागू पडत नाही. ‘कै.’ म्हणजे कैलासवासी. हे विशेषण ज्यू माणसाला लावता येत नाही. ‘दिवंगत’ हा शब्द चालतो, पण पत्नीला लिहिताना त्याचीही गरज नाही. ‘आत्म्यास सद्गती लाभो’ या वाक्यात पुढच्या गतीची आपली कल्पना दडलेली आहे. ‘ईश्वरेच्छेपुढे इलाज नाही’ हे वाक्य तर दोन्ही बाजूंनी खोटे ठरते: त्यांच्या घरी ईश्वराच्या न्यायाविषयी काय म्हणावे ते शोकस्थ माणूस स्वतः म्हणतो, पाहुण्याने ते त्याला सांगावयाचे नसते, आणि कर्मसिद्धान्त मानणाऱ्या जैनाच्या लेखणीतून तर ते मनापासून उतरतच नाही. मग दोन्ही घरांना मान्य होईल असे काय उरते? स्मरण उरते. ज्यू मंडळी मृताचे नाव घेतल्यावर ‘झिख्रोनो लिव्राखा’ असे म्हणतात. त्याचे स्मरण आशीर्वादरूप होवो, असा त्याचा भाव आहे. स्त्रीसाठी ‘झिख्रोना लिव्राखा’ असे म्हणतात. हे वाक्य आपण मराठीत व इंग्रजीत प्रामाणिकपणे लिहू शकतो, कारण त्यात आपल्या श्रद्धेला मुरड घालावी लागत नाही.

इंग्रजीतील आपल्या नेहमीच्या शब्दांनाही असेच पारखावे. ‘एक्स्पायर्ड’ हा शब्द परवाना किंवा औषध यांची मुदत संपल्यावर वापरतात; माणसाच्या बाबतीत परदेशी कानास तो विचित्र वाटतो. ‘लेफ्ट फॉर हेवनली अबोड’ आणि ‘सॅड डिमाइझ’ ही आपल्या वर्तमानपत्री जाहिरातींची भाषा आहे. ‘रेस्ट इन पीस’ हे पुष्कळ ज्यूंना ख्रिस्ती प्रार्थनेतले वाटते. ‘डेथ’ हा साधा शब्द लिहिण्यास संकोच करू नये. त्या भाषेत तो कठोर नाही, स्पष्ट आहे.

आणखी एक सावधगिरी या विशिष्ट घरासाठी आहे. ‘ते मनाने अखेरपर्यंत भारतीयच होते’ किंवा ‘ते आमच्यातलेच होते’ असे गौरवाने लिहावेसे वाटेल. परंतु इस्रायलमध्ये गेल्यावर बेने इस्रायलांच्या ज्यू असण्याविषयी, विशेषतः विवाहाच्या बाबतीत, तेथील धर्मपीठाने शंका घेतली होती. त्या समाजाने निदर्शने केली, आणि १९६४ साली तेथील संसदेने त्यांना सर्व बाबतीत समान ज्यू मानावे असे जाहीर केले, तेव्हा त्या वादाला उतार पडला. ज्या पिढीने तो झगडा पाहिला, तिला आपल्या वाक्यातून अभावितपणे तोच प्रश्न पुन्हा ऐकू येऊ नये. रोह्याची आठवण खुशाल काढावी. माणूस कोणाचा होता, याचा निवाडा मात्र आपण करू नये.

इतकी पूर्वतयारी झाल्यावर मराठी पत्र कसे होईल ते पाहू. ते पेढीतील वडीलधाऱ्या माणसाने, ज्याची संस्थापकाशी प्रत्यक्ष ओळख होती त्याने, स्वहस्ते व ठळक अक्षरांत लिहावे. मुलांना नागरी लिपी येत नसल्याने आईला कोणी नातलग ते मोठ्याने वाचून दाखवील, हे ध्यानात धरून वाक्ये कानाला सोपी ठेवावीत.

‘आदरणीय वहिनींस, नमस्कार.

भाऊ गेल्याचे सोमवारी संध्याकाळी कळले. घरातील आम्हा सर्वांना फार दुःख झाले.

एकतीस वर्षांपूर्वी ते प्रथम आमच्या पेढीवर आले, तेव्हा त्यांनी पोत्यातले हळकुंड हातात घेऊन मोडले, नाकाशी नेले, आणि मग बराच वेळ रोह्याच्या बाजाराविषयी बोलत राहिले. भाव ठरला तो दुसऱ्या दिवशी. त्यानंतर ते जेव्हा जेव्हा आले, तेव्हा आमच्याच घरी जेवले. आम्हाला सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपावयाचे असे, आणि शुक्रवार असला म्हणजे त्यांनाही सूर्यास्तापूर्वी मुक्कामी पोहोचावयाचे असे. त्यामुळे मावळत्या सूर्याकडे लक्ष ठेवून आम्ही दोघे बोलत असू. तुमच्या हातच्या नारळाच्या दुधातील गोडाची ते दर खेपेस आठवण काढीत.

या दिवसांत आमच्यापैकी कोणी तुमच्याजवळ येऊन बसू शकत नाही, याची खंत वाटते. हे पत्र कोणाकडून तरी वाचवून घ्यावे. उत्तर लिहिण्याची तसदी घेऊ नये. त्यांचे स्मरण तुम्हा सर्वांस आशीर्वादरूप होवो.

आपला,’

पत्रात ‘वि. वि.’ नाही, ‘लोभ असावा’ नाही, आणि धंद्याचा ‘भाव’ आला आहे तो केवळ आठवणीपुरता. ‘वहिनी’ हे संबोधन मात्र जाणीवपूर्वक आहे. जी व्यक्ती मृताला ‘भाऊ’ म्हणत होती, तिनेच ते वापरावे. पेढीतील तरुणाने तेच पत्र लिहिले असते, तर त्याने ‘काकू’ म्हणणे योग्य झाले असते. आणि प्रत्यक्ष घरोबा नसेल, तर ‘आदरणीय बाई’ एवढेच म्हणावे. ओळखीचा आव पत्रात चटकन उघडा पडतो. तसेच, नमुन्यातील आठवण उसनी घेऊ नये. आपल्या घरात खरी आठवण एवढीच असेल की ते नेहमी पायऱ्यांशी जोडे काढून, न विचारता आत येत, तर तेवढेच लिहावे.

इंग्रजी पत्र पेढीचा आजचा चालक, म्हणजे वरील गृहस्थांचा मुलगा, लिहील. त्याचा इंग्रजी मजकूर येथे नागरी लिपीत देत आहे; पाठविताना तो अर्थातच रोमन लिपीत टंकित करावा.

‘डिअर फ्रेंड्स,

वी लर्न्ड ऑन मंडे ऑफ युअर फादर्स डेथ, अँड वी आर व्हेरी सॉरी.

इन ट्वेंटी ओ सिक्स, व्हेन अ कंटेनर ऑफ अवर टर्मरिक रीच्ड अश्दोद डॅम्प, ही टेलिफोन्ड माय फादर बिफोर ही रोट टू एनीवन. दे शेअर्ड द लॉस इन वन कॉन्व्हर्सेशन, अँड नो लेटर वॉज एव्हर रिटन अबाउट इट. वी हॅव ट्राइड टू डील विथ अदर्स इन द सेम वे सिन्स.

नथिंग बिट्वीन अवर टू फर्म्स नीड्स युअर अटेन्शन धिस वीक. माय फादर इज रायटिंग सेपरेटली टू युअर मदर, इन मराठी.

मे हिज मेमरी बी अ ब्लेसिंग.’

अर्थ असा: तुमच्या वडिलांच्या मृत्यूची वार्ता सोमवारी कळली, आम्हाला फार दुःख झाले. २००६ साली आमच्या हळदीचा एक कंटेनर अश्दोदला दमट होऊन पोहोचला, तेव्हा त्यांनी कोणालाही लिहिण्याआधी माझ्या वडिलांना दूरध्वनी केला. एका बोलण्यात दोघांनी नुकसान वाटून घेतले आणि त्याविषयी पुढे कधी पत्र लिहिले गेले नाही. तेव्हापासून इतरांशी तसेच वागण्याचा आमचा प्रयत्न आहे. या आठवड्यात आपल्या दोन पेढ्यांमधील कोणत्याही गोष्टीकडे तुम्हाला लक्ष देण्याची गरज नाही. वडील तुमच्या आईस मराठीत वेगळे लिहीत आहेत. त्यांचे स्मरण आशीर्वादरूप होवो.

या पत्रात ‘थोर’, ‘दूरदृष्टीचे’, ‘भरून न येणारी पोकळी’ यांपैकी काही नाही. संस्थापकाविषयी एकच व्यवहार सांगितला आहे, आणि तो मुलांना कदाचित ठाऊकही नसेल, कारण त्याचा कागद कोठे नाही. समुद्रप्रवासात उष्ण-थंड हवेच्या फरकाने कंटेनरच्या छताला आतून घाम सुटतो आणि वरच्या पोत्यांत ओल शिरते. असा माल पोहोचल्यावर पाहणी, विमा, पत्रापत्री आणि कटुता हा नेहमीचा क्रम असतो. वडिलांनी तो कसा टाळला, हे ऐकण्यात मुलांना त्यांचा एक अपरिचित दिवस मिळतो. शोकपत्राने द्यावयाचे ते हेच. त्याच कारणाने ही गोष्ट आईच्या पत्रात घातली नाही, आणि जेवणाची आठवण मुलांच्या पत्रात घातली नाही.

संबोधनाकडे पुन्हा पाहावे. ‘डिअर फ्रेंड्स’ म्हटले आहे, आणि लिफाफ्यावर तिन्ही अपत्यांची नावे वयाच्या क्रमाने लिहावयाची आहेत. आपला रोजचा संबंध धाकट्या मुलाशी असेल, म्हणून त्यालाच एकट्याला लिहिणे, किंवा थोरल्यास ‘आता पेढीची धुरा आपल्याकडे’ असे म्हणणे, हे त्या घरातील वारशाच्या प्रश्नात आपण मत देण्यासारखे आहे. संस्थापकाच्या जाण्याने तो प्रश्न नुकताच उभा राहिलेला असतो, आणि बाहेरच्या पेढीने कोणास प्रमुख मानले, याची आठवण भावंडे फार वर्षे ठेवतात. कन्येचे नावही विसरू नये. आपल्या व्यापारी पत्रांत केवळ मुलांची नावे लिहिण्याची सवय आहे. तेथे कन्याही भावांबरोबर तेच सात दिवस बसलेली असते.

इंग्रजी पत्रातील सर्वांत जबाबदारीचे वाक्य तिसऱ्या परिच्छेदात आहे: या आठवड्यात कशाकडेही लक्ष देण्याची गरज नाही. ते लिहिण्यापूर्वी ते खरे करून घ्यावे लागते. पेढीचे पुस्तक उघडावे. न्हावा शेवाहून निघालेला एखादा कंटेनर त्या सात दिवसांत अश्दोदला लागणार आहे काय? त्याची कागदपत्रे बँकेमार्फत, पैसे भरल्यावर सुटणारी आहेत काय? ते घर मर्यादित कंपनी असेल, तर इतर संचालकांचे अधिकार कायम असतात. परंतु बँकेत सही केवळ संस्थापकाची चालत असेल, तर नवी सही नोंदवली जाईपर्यंत रक्कम हलणार नाही. माल बंदरात सवलतीच्या दिवसांपेक्षा अधिक पडून राहिला की भाडे चढू लागते.

अशा वेळी घरच्यांना काही न विचारता आपण दोन गोष्टी करू शकतो. जहाज कंपनीकडे सवलतीचे दिवस वाढवून मागावेत, आणि तेथील कार्यालयाच्या व्यवस्थापकाला स्वतंत्र, कोरड्या, दोन ओळींच्या ईमेलने कळवावे की कागदपत्रे आठवडाभर बँकेतच राहू देत, आमची घाई नाही. तरीही काही भाडे पडलेच, तर ते कोणी सोसावे हा विषय पुढच्या महिन्यासाठी ठेवावा. आपल्या बँकेलाही कळवावे, नाही तर तिच्याकडून न भरलेल्या हुंडीची स्मरणपत्रे नेमकी त्याच आठवड्यात त्या घरी जाऊन पोहोचतील. हे सारे झाल्यावरच ते वाक्य लिहावे. एखादी गोष्ट खरोखरीच थांबवणे शक्य नसेल, तर ते वाक्य गाळावे. ते लिहून तिसऱ्या दिवशी पैशाची चौकशी करणे, हे न लिहिण्यापेक्षा वाईट.

या सात दिवसांत फुले किंवा पुष्पचक्र पाठवू नये. ज्यू परंपरेत शोकाला फुलांची रीत नाही. मिठाई वा सुकामेव्याची पेटीही पाठवू नये, कारण तेथील धर्माने ग्राह्य ठरविल्याचा शिक्का नसेल, तर धर्मनिष्ठ घराला ती बाजूला ठेवावी लागते आणि देणाऱ्याचे व घेणाऱ्याचे दोघांचेही अवघडते. मृताच्या नावे कोणत्या संस्थेस दान द्यावे असे कुटुंबाने कळविले असेल, तर तेथे द्यावे आणि रकमेचा उल्लेख पत्रात करू नये.

व्यवहाराचे पत्र कधी लिहावे? शोक रविवारी सकाळी संपतो, आणि इस्रायलमध्ये रविवार हाच कामाचा पहिला दिवस. तथापि त्याच दिवशी न लिहिता मंगळवारी-बुधवारी लिहावे, ते व्यवस्थापकाला आणि केवळ थांबलेल्या कामापुरते. करार कोणाच्या सहीने चालेल, उधारीची मर्यादा तीच राहील काय, हे प्रश्न तीस दिवसांनंतरचे. याच काळात एक धोका मात्र ओळखून ठेवावा. संस्थापक गेल्याची वार्ता सार्वजनिक होते, आणि ‘नव्या व्यवस्थेमुळे बँक खाते बदलले आहे’ अशी बनावट पत्रे नेमकी अशा वेळी येतात. खरी पेढी शोकाच्या आठवड्यात खाते बदलीत नाही. असे पत्र आल्यास त्याला उत्तर देऊ नये. आपल्या जुन्या नोंदीतील क्रमांकावर, शोक संपल्यावर, परिचित माणसाशी बोलून खात्री करावी.

दोन्ही पत्रांच्या प्रती पेढीच्या दप्तरात ठेवाव्यात आणि त्यांवर मृत्यूची हिब्रू तारीख लिहून ठेवावी. वार्षिक स्मरणदिन ज्यू पंचांगाप्रमाणे येतो. आपल्या तिथीप्रमाणेच तो इंग्रजी तारखेच्या मागेपुढे सरकतो, म्हणून जानेवारीतील तीच तारीख धरून चालत नाही. पहिल्या वर्षी त्या दिवसाच्या आदल्या सकाळी दोन ओळी पाठवाव्यात: आईला मराठीत, मुलांना इंग्रजीत, आणि त्या दिवशी मागणीपत्र पाठवू नये.